गळती जास्त, तरी दाब कमी : मायट्रल झडपेचं एक जुनं कोडं

टू-डी इकोचा रिपोर्ट घेऊन आलेल्या माणसाचं बोट बहुतेक वेळा एकाच ओळीवर टेकलेलं असतं : 'सिव्हियर एमआर'. एमआर म्हणजे मायट्रल रिगर्जिटेशन, मराठीत मायट्रल झडपेची गळती. पण हेच दोन शब्द दोन अगदी वेगळ्या माणसांच्या रिपोर्टवर असू शकतात. एक जण जिना चढून दवाखान्यात येतो, थोडा दम लागतो एवढंच सांगतो आणि गोळ्या घेऊन घरी जातो. दुसरा आयसीयूत उशा रचून बसलेला असतो. त्याला आडवं होता येत नाही, तोंडातून गुलाबी फेस येतो आणि शस्त्रक्रियेची तयारी चाललेली असते. दोघांची गळती 'सिव्हियर'च.

मग फरक कशाचा? फरक काळाचा. पहिल्याची गळती वर्षानुवर्षं वाढत आलेली, दुसऱ्याची कालपर्यंत नव्हतीच. डॉक्टरांच्या भाषेत पहिली 'क्रॉनिक' आणि दुसरी 'अॅक्यूट'. इथे मराठीत एक घोटाळा होतो. 'सिव्हियर'लाही आपण तीव्र म्हणतो आणि 'अॅक्यूट'लाही तीव्रच. पण 'सिव्हियर' हा शब्द गळती किती आहे ते सांगतो, तर 'अॅक्यूट' हा शब्द ती कधी सुरू झाली ते सांगतो. म्हणून या लेखात मी 'जुनी गळती' आणि 'अचानक गळती' असेच शब्द वापरणार आहे.

अचानक गळतीत फुफ्फुसात पाणी का भरतं आणि जुन्या गळतीत तेवढंच, किंबहुना जास्त रक्त उलटं जात असूनही का भरत नाही, हे कोडं वैद्यकाला सुटायला बराच काळ लागला. ते कसं सुटलं हे कळलं, तर तुमच्या रिपोर्टमधले निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

बिशपची टोपी आणि तंबूचे दोर

आधी जागा समजून घेऊ. फुफ्फुसात शुद्ध झालेलं रक्त हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात येतं. तिथून ते खालच्या कप्प्यात उतरतं आणि खालचा कप्पा आकुंचन पावून ते सगळ्या शरीराला पाठवतो. शाळेच्या पुस्तकात या कप्प्यांना अलिंद आणि निलय म्हणतात. आपण वरचा कप्पा आणि खालचा कप्पा म्हणू. वरचा पातळ भिंतीचा, रक्त साठवणारा. खालचा जाड स्नायूचा, पंपाचं काम करणारा.

या दोन कप्प्यांमधलं दार म्हणजे मायट्रल झडप. सोळाव्या शतकातला शरीररचनेचा अभ्यासक व्हेसॅलियस याला तिच्या दोन पाकळ्या बिशपच्या उंच टोपीसारख्या दिसल्या. त्या टोपीला 'मायटर' म्हणतात, त्यावरून हे नाव. या पाकळ्या नुसत्या लोंबत नसतात. तंबूचे दोर खुंट्यांना बांधावेत तशा त्या बारीक, चिवट दोऱ्यांनी खालच्या कप्प्यातल्या दोन मांसल खुंटांना बांधलेल्या असतात. खालचा कप्पा जोरात दाबला गेला की पाकळ्या मिटतात आणि दोऱ्या त्यांना वर उलटू देत नाहीत.

पाकळ्या सैल झाल्या, आखडल्या किंवा त्यांच्यात फट पडली, की दर ठोक्याला काही रक्त पुढे शरीराकडे न जाता मागे वरच्या कप्प्यात उसळतं. आपल्याकडे लहानपणच्या संधिवाती तापानं म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हरनं खराब झालेल्या झडपा अजूनही दिसतात. काहींच्या पाकळ्या जन्मतःच लवचीक आणि फुगीर असतात, त्याला प्रोलॅप्स म्हणतात. यात बहुधा गळती हळूहळू वाढते. पण एखादी दोरी तटकन तुटली, जंतुसंसर्गानं पाकळीला भोक पडलं किंवा हार्ट अटॅकनंतर मांसल खुंटच फाटला, तर गळती काही क्षणांत सुरू होते.

कानावर विसंबलेलं शतक

१८१६मध्ये पॅरिसच्या लेनेकनं स्टेथोस्कोप शोधला आणि छातीच्या आतलं ऐकू येऊ लागलं. पुढच्या दोन दशकांत लंडनच्या जेम्स होपनं हृदयातल्या मर्मर, म्हणजे झडपेच्या फुसफुस आवाजाचा बारकाईनं अभ्यास केला. मायट्रल गळतीचा आवाज हृदयाच्या टोकाशी ऐकू येतो, हेही त्यानं नोंदवलं.

यानंतर डॉक्टर अनेक वर्षं आवाजावरून आजाराचं भाकीत करत राहिले. आवाज मोठा म्हणजे आजार मोठा, असा साधा हिशोब. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये जेम्स मॅकेन्झी यांनी या हिशोबाला हरकत घेतली. वर्षानुवर्षं मर्मर घेऊन नीट काम करणारी माणसं त्यांनी पाहिली होती. नुसत्या आवाजावरून कुणाला आजारी ठरवू नका, हृदयाचा स्नायू किती काम करू शकतो ते बघा, असं त्यांचं म्हणणं होतं. ते बरोबर होतं, पण त्यानं कोड्याचा अर्धाच भाग सुटला. मोठा आवाज असलेला माणूस चालताफिरता का राहतो ते कळलं. पण जवळजवळ आवाजच नसलेला माणूस काही तासांत श्वासासाठी का तडफडू लागतो, हे कळलं नव्हतं. ते कळायला हृदयाच्या आत जाऊन दाब मोजणं भाग होतं.

फुफ्फुसात पाणी म्हणजे नेमकं कुठे

दाबाकडे वळण्याआधी 'पाणी' या शब्दाचा खुलासा करतो. आपल्याकडे 'छातीत पाणी झालं' म्हणतात ते बहुतेक वेळा फुफ्फुसाच्या बाहेर, त्याच्या आवरणात साठलेलं असतं. ते सुईनं काढता येतं. मी इथे बोलतोय ते पाणी फुफ्फुसाच्या आत, हवेच्या कोट्यवधी इवल्या पिशव्यांमध्ये शिरतं. याला पल्मनरी इडिमा म्हणतात. ते सुईनं काढता येत नाही. जिथे हवा हवी तिथेच पाणी आल्यानं माणूस आतल्या आत बुडत असतो.

हे पाणी येतं कुठून? रक्तवाहिन्यांमधूनच. १८९६मध्ये लंडनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी याचा नियम मांडला. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती चाळणीसारख्या असतात. आतल्या रक्ताचा दाब पाण्याला बाहेर ढकलतो. रक्तातली प्रथिनं, मुख्यतः अल्ब्युमिन, पाण्याला आत धरून ठेवतात. या रस्सीखेचीत प्रथिनांची ओढ साधारण २५ मिलिमीटर पाऱ्याइतकी असते. फुफ्फुसातल्या बारीक वाहिन्यांमधला दाब एरवी १०च्या आसपास. म्हणून फुफ्फुसं कोरडी राहतात.

हा दाब किती वाढला तर पाणी फुटतं? १९५९मध्ये अमेरिकेत आर्थर गायटन आणि त्यांचे सहकारी लिंडसे यांनी हे प्रयोगानं पाहिलं. (गायटन म्हणजे ज्यांचं फिजिऑलॉजीचं जाडजूड पुस्तक आम्ही सगळे डॉक्टर पहिल्या वर्षी उराशी धरून फिरलो, तेच.) कुत्र्यांच्या हृदयातल्या वरच्या डाव्या कप्प्याचा दाब त्यांनी वेगवेगळ्या पातळ्यांवर वाढवून धरला. साधारण २४पर्यंत फुफ्फुसं कोरडी राहिली. त्यापुढे पाणी साठू लागलं आणि दाब जितका जास्त, तितकं ते भराभर साठलं. मग त्यांनी रक्तातली प्रथिनं निम्म्यावर आणली. तेव्हा ११च्या आसपासच पाणी येऊ लागलं. ज्या पेशंटचं अल्ब्युमिन कमी आहे, त्याच्या दमाकडे आम्ही जास्त सावधपणे का बघतो, ते यावरून लक्षात येईल.

आता एक महत्त्वाची गोष्ट. फुफ्फुसातून वरच्या कप्प्याकडे येणाऱ्या शिरांमध्ये एकही झडप नसते. त्यामुळे वरच्या कप्प्यात जो दाब असेल तो थेट मागे फुफ्फुसाच्या बारीक वाहिन्यांपर्यंत पोचतो. म्हणजे प्रश्न 'किती रक्त उलटं गेलं' हा नाहीच. 'उलट्या गेलेल्या रक्तानं वरच्या कप्प्याचा दाब किती वाढला' हा आहे.

नळी आत गेली आणि कोडं समोर आलं

जिवंत माणसाच्या हृदयात नळी घालता येते, हे १९२९मध्ये जर्मनीतल्या वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरनं स्वतःच्याच दंडातून नळी सरकवून दाखवलं. पुढे न्यूयॉर्कच्या कूर्नां आणि रिचर्ड्स यांनी त्यातून रीतसर तपासणीचं तंत्र घडवलं. तिघांना १९५६चं नोबेल मिळालं. दरम्यान ही नळी फुफ्फुसाच्या बारीक धमनीत रुतवली की पलीकडच्या वरच्या डाव्या कप्प्याच्या दाबाचा अंदाज येतो, हेही कळलं होतं.

अमेरिकेत बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत युजीन ब्राउनवाल्ड हे हृदयतज्ज्ञ असे दाब मोजत होते. १९६३मध्ये त्यांनी आणि विल्यम ऑ यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच कोडं होतं : मायट्रल गळती सिव्हियर, पण वरच्या कप्प्याचा दाब नॉर्मल. असं कसं? दर ठोक्याला धो धो रक्त वरच्या कप्प्यात परत येतंय आणि तिथला दाब मात्र वाढत नाही?

उत्तर त्या कप्प्यातच होतं. वर्षानुवर्षं उलट्या येणाऱ्या रक्तानं तो ताणला जाऊन प्रचंड मोठा आणि सैल झाला होता.

तीन वर्षांनी, १९६६मध्ये, ब्राउनवाल्ड यांनी विल्यम रॉबर्ट्स आणि शल्यविशारद अँड्र्यू मॉरो यांच्यासोबत दुसऱ्या टोकाचे पेशंट मांडले. हे झडपेच्या दोऱ्या तुटून सिव्हियर गळती सुरू झालेले. यांचा वरचा कप्पा तुलनेनं लहान होता आणि त्यातला दाब प्रत्येक ठोक्याला उंच उसळत होता. गळतीचं नाव एक, पण ती झेलणारा कप्पा वेगळा, म्हणून आजारच वेगळा.

फुग्याचं उदाहरण घ्या. नवा कोरा फुगा फुगवताना पहिल्या फुंकरीला गाल दुखतात. हवा थोडीच जाते, पण जोर भरपूर लागतो. तोच फुगा अनेकदा फुगवून सैल झाला, की दुप्पट हवाही सहज मावते. अचानक गळतीत वरचा कप्पा कोऱ्या फुग्यासारखा असतो. त्यात हृदयाभोवतीचं आवरणही ताठ असतं, तेही एका दिवसात सैल होत नाही.

एका ठोक्याचा हिशोब

हृदयरोगाच्या पुस्तकांत यासाठी एक नमुन्याचा हिशोब देतात. सगळ्यांचे आकडे असेच येतात असं नाही, पण त्यातून गणित स्पष्ट होतं. सावकाश वाचा.

निरोगी हृदयाच्या खालच्या कप्प्यात समजा १५० मिलिलिटर रक्त भरलं. ठोका पडल्यावर ५० आत उरलं आणि १०० पुढे शरीराकडे गेलं. मागे काहीच नाही. वरच्या कप्प्याचा सरासरी दाब १०.

आता दोरी तुटली. गळती निम्मी, म्हणजे बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी अर्धं मागे. खालचा कप्पा एका दिवसात फार ताणला जात नाही. त्यात १७० भरतं. मागे जायला सोपी वाट मिळाल्यानं तो पूर्वीपेक्षा जास्त रिकामा होतो, ३०च उरतं. म्हणजे १४० बाहेर पडलं. त्यातलं ७० पुढे, ७० मागे. शरीराला १००च्या जागी ७०च मिळालं, म्हणून हातपाय गार, नाडी जलद, थकवा. आणि मागे आलेल्या ७०नं कोऱ्या फुग्यासारख्या वरच्या कप्प्याचा दाब २५वर नेला. गायटन यांची २४ची रेघ आठवा. फुफ्फुसं भरायला लागली.

तिसरं हृदय जुन्या गळतीचं. इथेही गळती निम्मीच. पण खालच्या कप्प्याच्या स्नायूतंतूंना गेल्या काही वर्षांत साखळीला नव्या कड्या जोडाव्यात तसे नवे दुवे जोडले गेलेत, म्हणून तो मोठा झालाय. त्यात २४० भरतं, ५० उरतं, १९० बाहेर पडतं. त्यातलं ९५ पुढे, ९५ मागे. शरीराला जवळपास पूर्वीइतकंच रक्त मिळतंय. मागे मात्र ७० नाही, ९५ जातंय. आणि वरच्या कप्प्याचा दाब? १५.

हाच या कोड्याचा गाभा. जुन्या गळतीत उलटं जाणारं रक्त जास्त आहे, तरी दाब कमी आहे. कारण ते झेलणारा कप्पा मोठा आणि सैल झालाय. शिवाय दाब थोडा वाढलेला राहिला, तरी फुफ्फुसातलं जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या एव्हाना रुंदावलेल्या असतात. अचानक गळतीत यातली एकही तयारी करायला शरीराला वेळच मिळालेला नसतो.

फसवणारी चिन्हं

हे गणित कळलं की अचानक गळती ओळखायला अवघड का जाते तेही कळतं. एक नमुन्याचा पेशंट डोळ्यांसमोर आणू. समजा पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ आहेत. झडप जन्मतः थोडी फुगीर, पण त्रास कधीच नाही. एका संध्याकाळी छातीत काहीतरी झाल्यासारखं वाटतं आणि दम लागायला लागतो. रात्री आडवं होताच गुदमरतं, उठून बसलं की थोडं बरं वाटतं. पहाटे खोकल्यातून फेस येतो.

दवाखान्यात स्टेथोस्कोप लावला तर मर्मर बारीक आणि आखूड. काही वेळा ऐकूच येत नाही. कारण आवाज होतो तो दोन कप्प्यांमधल्या दाबाच्या फरकामुळे. इथे वरच्या कप्प्याचा दाब ठोक्याच्या शेवटी इतका उसळतो, कधी ५०-६०पर्यंत, की फरक कमी होतो आणि आवाज अर्ध्यावरच विरतो. जुन्या गळतीत वरचा कप्पा सैल असल्यानं फरक शेवटपर्यंत टिकतो, म्हणून आवाज लांब आणि काखेपर्यंत ऐकू येणारा. आवाज मोठा म्हणजे आजार मोठा, हा जुना हिशोब इथे पूर्ण उलटा होतो.

मग छातीचा एक्स-रे. हृदयाचा आकार नॉर्मल, कारण मोठं व्हायला वेळच मिळाला नाही. फुफ्फुसात मात्र पांढुरक्या सावल्या. 'हृदय मोठं नाही, म्हणजे दोष फुफ्फुसाचाच' असं वाटणं साहजिक आहे. त्यात आणखी एक गंमत. मागच्या पाकळीची दोरी तुटली, तर उलटी धार कधी कधी नेमकी उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागातून येणाऱ्या शिरेवर आदळते. तिथला दाब सर्वांत जास्त वाढतो आणि पाणी त्याच भागात जास्त साठतं. एक्स-रेवर ते हुबेहूब न्यूमोनियासारखं दिसतं. ताप नाही, आडवं होता येत नाही, अँटिबायोटिकनं फरक नाही, अशा 'न्यूमोनिया'त हृदयाकडे बघायलाच हवं.

शेवटी इको. त्यात पंपिंग, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, उत्तम येतं. वरच्या हिशोबात १७०पैकी १४० बाहेर पडलं, म्हणजे ८२ टक्के! निरोगी हृदयाचं ६७ टक्केच होतं. नातेवाईक विचारतात, "पंपिंग तर चांगलं आहे, मग दम का?" कारण हा आकडा किती रक्त बाहेर पडलं ते सांगतो, कुठे गेलं ते सांगत नाही. त्यातलं अर्धं उलट्या वाटेनं गेलंय.

तरीही निदान होतं ते इकोनंच. १९५३मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदय बघायला सुरुवात केली. एडलर यांचं लक्ष पहिल्यापासून मायट्रल झडपेवरच होतं, कारण शस्त्रक्रियेआधी अरुंद झडप आणि गळकी झडप यांतला फरक त्यांना ओळखायचा होता. आज इकोत तुटलेली दोरी आणि उलटून वर जाणारी पाकळी प्रत्यक्ष दिसते. छातीवरून नीट दिसलं नाही, तर अन्ननलिकेतून नळी घालून बघतात. वरचा कप्पा तिथून अगदी खेटून असतो.

रक्ताला पुढची वाट सोपी करणं

कारण कळलं तसे उपचारही बदलले. खालच्या कप्प्यातल्या रक्तापुढे दोन वाटा असतात : पुढे शरीराकडे आणि मागे फटीतून. जिकडे अडथळा कमी, तिकडे ते जास्त जातं. मग पुढच्या वाटेवरचा अडथळा कमी केला तर?

१९७३मध्ये लॉस एंजेलिस इथे भारतीय वंशाचे हृदयतज्ज्ञ कनू चॅटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं. दोऱ्या किंवा मांसल खुंट बिघडून सिव्हियर गळती झालेल्या पेशंटना त्यांनी शरीरातल्या रक्तवाहिन्या सैल करणारी औषधं दिली, त्यात नायट्रोप्रुसाइड होतं. पुढे जाणारं रक्त वाढलं, मागे जाणारं कमी झालं आणि फुफ्फुसाकडचा दाब उतरला. याला मर्यादा आहे. ब्लडप्रेशर आधीच फार खाली असेल तर ही औषधं देता येत नाहीत. अशा वेळी महाधमनीत फुगा असलेली नळी ठेवतात. ठोक्याच्या क्षणी हा फुगा मिटतो आणि रक्ताला पुढे जायला जागा करून देतो.

पण हे सगळं वेळ मिळवण्यासाठी. तुटलेली दोरी औषधानं जोडली जात नाही. त्यासाठी शस्त्रक्रिया लागते, आणि तिचा इतिहासही त्याच बेथेस्डातून जातो. मार्च १९६०मध्ये तिथे नीना ब्राउनवाल्ड या शल्यविशारद महिलेनं स्वतः रचना केलेली कृत्रिम मायट्रल झडप एका पेशंटच्या हृदयात बसवली. युजीन ब्राउनवाल्ड यांच्या त्या पत्नी. पती दाब मोजत होते आणि पत्नी झडप बदलत होती! त्याच वर्षी पोर्टलंडमध्ये अल्बर्ट स्टार यांनी अभियंते लोवेल एडवर्ड्स यांच्यासोबत बनवलेली, पिंजऱ्यात चेंडू असलेली झडप बसवली आणि ती पुढे अनेक वर्षं जगभर वापरली गेली. नंतर फ्रान्सच्या अलँ कार्पांतिए यांनी झडप बदलण्याऐवजी आहे तीच दुरुस्त करण्याची पद्धत नावारूपाला आणली. तुटलेल्या दोरीच्या बाबतीत आज शक्य असेल तिथे दुरुस्तीच करतात.

जुनी गळती म्हणजे निर्धास्त नव्हे

हे वाचून जुन्या गळतीवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकू नये. कप्पा मोठा होणं ही सोय आहे, पण ती उधारीवर घेतलेली. खालच्या कप्प्याचा स्नायू दमायला लागला, की आत उरणारं रक्त वाढतं, शरीराला कमी मिळतं आणि वरच्या कप्प्याचा दाब पुन्हा चढतो. तेव्हा जुन्या गळतीतही फुफ्फुसात पाणी येतं. शिवाय ताणलेल्या वरच्या कप्प्यात ठोके अनियमित होऊ शकतात.

म्हणून सिव्हियर गळतीत त्रास नसला तरी ठराविक काळानं इको करतात आणि त्यात दोन आकडे बघतात. इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के किंवा त्याखाली आलं, किंवा ठोक्याच्या शेवटी खालच्या कप्प्याची रुंदी ४० मिलिमीटर किंवा जास्त झाली, तर शस्त्रक्रियेचा विचार करायची वेळ आली असं धरतात. एरवी ६० टक्के पंपिंग उत्तमच. पण या आजारात स्नायूला मागची सोपी वाट उपलब्ध असूनही ६०च येत असतील, तर तो थकतोय. हे दोन आकडे आणि वरच्या कप्प्याचा आकार प्रत्येक रिपोर्टमधून एका वहीत तारखेसह उतरवून ठेवा. एका रिपोर्टपेक्षा ही रांग जास्त सांगते.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. झडपेचा आजार माहीत असलेल्या माणसाला, किंवा नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाला अचानक दम लागला, आडवं होता येईना, तर 'सकाळी बघू' म्हणू नका. हार्ट अटॅकनंतर मांसल खुंट फाटतो तो बहुधा पहिल्या आठवड्याभरातच. पेशंटला पाय खाली सोडून बसवा, झोपवू नका, चालवू नका आणि १०८ला फोन करा. दवाखान्यात गेल्यावर जुने इको रिपोर्ट दाखवा आणि त्रास नेमका कधी सुरू झाला ते सांगा, शक्य तर तासासकट. 'कालपर्यंत जिना चढत होते' हे एक वाक्य तिथल्या डॉक्टरला एक्स-रेइतकंच उपयोगी पडतं.